रस्त्याकडची खिडकी : धुरकट काच आणि झिरझिरीत पडदा

तळमजल्याच्या घराची जमीन रस्त्यापेक्षा फार उंच नसते. जोत्याच्या दोन-तीन पायऱ्या, म्हणजे साधारण दीड फूट, एवढाच फरक असतो. फुटपाथवरून चालणाऱ्या मध्यम उंचीच्या माणसाचे डोळे रस्त्यापासून पाच फुटांवर असतात. त्यातून जोत्याचा दीड फूट वजा केला, की घरातल्या जमिनीपासून त्याची नजर साडेतीन फुटांवर येते. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा चेहराही जवळपास त्याच उंचीवर असतो आणि खिडकीचा कठडा त्याच्या किंचित खाली, तीन फुटांवर. म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याने मुद्दाम डोकावायची गरजच पडत नाही. तो सरळ समोर पाहत चालला तरी घरात बसलेल्याशी त्याची नजरानजर होते. पहिल्या मजल्यावर ही अडचण येत नाही, कारण खालून वर पाहणाऱ्याला छत आणि पंखाच दिसतो.

नव्या इमारतींत तळाला पार्किंग असते, त्यामुळे रस्त्याला लागून तळमजल्यावरची घरे आता मुख्यतः जुन्या सोसायट्यांत, चाळींत आणि बंगल्यांच्या खालच्या भागात सापडतात. अशा घरांत सर्वांत सोपा मानला जाणारा उपाय म्हणजे जाड पडदा दिवसभर ओढून ठेवणे. त्याने आडोसा मिळतो, पण दुपारी बारालाही ट्यूबलाइट लावावी लागते आणि वारा अडतो. उजेड येऊ द्यायचा आणि नजर मात्र अडवायची, यासाठी दोन साधने वापरली जातात. एक काचेवर चिकटवायची फ्रॉस्टेड फिल्म, दुसरे झिरझिरीत पडदे, ज्यांना दुकानात शिअर किंवा नेटचे पडदे म्हणतात. दोन्ही उजेड आत येऊ देतात, पण नजर अडवण्याची त्यांची रीत अगदी वेगळी आहे. ती समजली नाही तर पैसे खर्चूनही संध्याकाळी सात वाजता घर रस्त्याला उघडे पडते.

कल्पना नवी नाही. गोव्यातल्या जुन्या घरांत खिडक्यांना काचेऐवजी चपट्या शिंपल्यांची तावदाने असत. त्यातून दुधी उजेड आत येई, पण आरपार काही दिसत नसे. आपल्याकडच्या अनेक जुन्या घरांत खिडकीची खालची आणि वरची दारे वेगवेगळी असत. खालची लावून घेतली की आडोसा होई आणि वरची उघडी ठेवली की उजेड-वारा मिळे. आजच्या सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीत ही सोय उरली नाही. फिल्म आणि पडदा मिळून तीच परत आणायची आहे.

आधी झिरझिरीत पडद्याचे पाहू. त्याच्या विणीत धागे आणि भोके असतात. भोकांतून आरपार दिसते, धाग्यांवर पडलेला उजेड मात्र पाहणाऱ्याकडे परत फेकला जातो. भर दिवसा बाहेर उन्हात उजेडाचे माप एक लाख लक्सपर्यंत जाते, तर खोलीत आत ते दोन-तीनशे लक्सच असते. बाहेरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत उजळलेल्या धाग्यांचा पांढरेपणा इतका भरतो, की भोकांतून येणारी अंधाऱ्या खोलीची पुसट प्रतिमा त्यात बुडून जाते. आतल्या माणसाला उलट धाग्यांमागचा लखलखता रस्ता दिसत राहतो. म्हणून दिवसा असा पडदा एकतर्फी वाटतो. पण हा गुण कापडाचा नाही, उजेडाच्या तफावतीचा आहे. अंधार पडून आत दिवे लागले की तफावत उलटी होते. रस्त्यावर दिव्याखाली दहा-वीस लक्स असतात आणि खोलीत दीडशे. आता पडद्यामागचे सारे बाहेरून दिसू लागते आणि आतल्याला बाहेरचे काही दिसत नाही. घरातल्यांना ही गोष्ट बराच काळ कळत नाही, कारण त्यांच्या बाजूने पडदा पूर्वीपेक्षा अधिकच अपारदर्शक भासतो.

आरशासारखी चमकणारी, ‘वन वे’ म्हणून विकली जाणारी फिल्मही याच नियमाने चालते. दिवसा ती बाहेरच्याला रस्त्याचेच प्रतिबिंब दाखवते, रात्री आत दिवा लावला की तिचा गुण उलटतो. रस्त्याकडच्या खिडकीसाठी केवळ तिच्या भरवशावर राहणे चुकीचे आहे.

फ्रॉस्टेड फिल्मचे काम उजेडाच्या तफावतीवर अवलंबून नसते. तिच्यावरची बारीक खडबड किंवा आतले दुधी कण प्रत्येक किरणाला दिशा बदलायला लावतात, त्यामुळे वस्तूचा आकार विस्कटतो आणि फक्त रंगाचा डाग उरतो. दिवसा-रात्री, दोन्ही बाजूंनी हे सारखेच घडते. पण विस्कटणे अंतरावर ठरते. हात काचेला टेकवला तर बोटे मोजता येतात, अर्ध्या फुटावर नेला की हाताचा आकार तेवढा कळतो आणि तीन फुटांवर फक्त एक सावळा ठिपका राहतो. म्हणून पलंग किंवा अभ्यासाचे टेबल खिडकीला अगदी चिकटून असेल, तर फिल्म लावूनही बाहेरच्याला तिथली हालचाल कळते. फर्निचर दोन-तीन फूट मागे सरकवता आले तर महागड्या फिल्मपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

रात्री फिल्मची एक दुसरी उणीव उघडी पडते, ती सावलीची. पुष्कळ घरांत ट्यूबलाइट खिडकीच्या समोरच्या भिंतीवर असते. तिच्या आणि खिडकीच्या मधून माणूस गेला की त्याची सावली धुरकट काचेवर पडते आणि रस्त्यावरून तो सिनेमाच्या पडद्यावरच्यासारखा दिसतो. चेहरा कळत नाही, पण कोण कपडे बदलते आहे, कोण उभे आहे, घरात माणसे किती, हे कळते. उपाय फिल्ममध्ये नाही, दिव्याच्या जागेत आहे. दिवा खिडकीच्याच भिंतीवर, चौकटीच्या वर घेतला की माणसाची सावली मागच्या भिंतीवर पडते आणि काचेवर नुसता सपाट उजेड राहतो. ट्यूबचे बटण तेच, तार फक्त दहा फूट पुढे न्यायची. झोपायच्या खोलीत फिल्म लावायची असेल तर वायरमनचे हे छोटे काम आधी करून घ्यावे.

आता फिल्म किती उंच लावायची हा मुख्य प्रश्न. बहुतेक लोक पूर्ण काच झाकतात, आणि खोली कायमची कोंदट पांढरी करून घेतात. आकाश दिसेनासे होते, पाऊस पडतो आहे की नाही तेही कळत नाही. खिडकीच्या वरच्या भागातून येणारा उजेड खोलीत सर्वांत खोलवर जातो, तो तरी स्वच्छ राहू द्यावा. किती भाग मोकळा ठेवता येईल हे मोजून ठरवता येते.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. जोते दीड फूट. खिडकी पाच फूट रुंद, चार फूट उंच. कठडा जमिनीपासून तीन फुटांवर, म्हणजे खिडकीचा माथा सात फुटांवर. फुटपाथवरचा माणूस खिडकीपासून सहा फुटांवरून चालतो आणि त्याची नजर घरातल्या जमिनीच्या हिशेबाने साडेतीन फुटांवर आहे. फिल्म पाच फुटांपर्यंत, म्हणजे काचेच्या खालच्या निम्म्या भागावर लावली असे धरू. त्याच्या डोळ्यापासून फिल्मच्या वरच्या कडेला टेकून जाणारी रेषा सहा फुटांत दीड फूट चढते, म्हणजे दर फुटाला तीन इंच. तीच रेषा आत पुढे नेली तर खिडकीपासून चार फूट आत ती सहा फुटांवर पोचते. तिच्याखाली असलेले काहीच त्याला दिसत नाही. साडेपाच फूट उंचीचा माणूस तिथे उभा असला तरी दिसत नाही, बसलेल्याचा प्रश्नच नाही. तो खिडकीपासून फुटभर अंतरावर उभा असेल तर मात्र त्याच्या डोक्याचा वरचा भाग दिसेल.

समोरच्या फुटपाथवरचा, तीस फुटांवरचा माणूस थोडा अधिक पाहतो, कारण त्याची रेषा जवळजवळ आडवी असते. खिडकीपासून चार फूट आत ती पाच फूट अडीच इंचांवर असते, म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्याचे वरचे तीन-चार इंच त्याला दिसतात. एवढे चालण्यासारखे आहे. खरी अडचण बसची. बसमध्ये बसलेल्या प्रवाशाचे डोळे रस्त्यापासून सुमारे सात फुटांवर असतात, म्हणजे घरातल्या जमिनीच्या हिशेबाने साडेपाच फुटांवर. त्याची नजर फिल्मच्या कडेवरून खाली उतरते. वीस फुटांवर उभ्या बसमधून पाहिले तर दहा फूट आत ती रेषा पावणेपाच फुटांवर येते आणि उभ्या माणसाचा चेहरा सहज दिसतो. सिग्नल किंवा बसथांबा जवळ असेल तर फिल्म साडेपाच फुटांपर्यंत चढवावी लागते. मग ती रेषा आडवी होते आणि वर दीड फूट मोकळी काच उरते. समोरच्या इमारतीचा पहिला मजला जवळ असेल तर कितीही हिशेब केला तरी वरच्या भागाला पडदा लागतोच.

कागदावरचा हा हिशेब एका सोप्या चाचणीने पक्का करावा. वर्तमानपत्राचे कागद चिकटपट्टीने काचेच्या खालच्या भागावर लावावेत, घरातल्या एकाने खोलीत नेहमीसारखे वावरावे आणि दुसऱ्याने बाहेर जाऊन जवळच्या फुटपाथवरून, समोरून आणि शक्य असेल तर फाटकापाशी उभे राहून पाहावे. कडा खालीवर करून उंची ठरवावी. तिथेच पेन्सिलने खूण करावी.

फिल्म दोन प्रकारची मिळते. एकीला मागे गोंद असतो, दुसरी गोंदाशिवाय नुसत्या पाण्याने काचेला धरून राहते. भाड्याच्या घरात दुसरी बरी, कारण सोडताना ती सोलून काढता येते. पण रस्त्याच्या धुळीने तिच्या कडा लवकर सुटतात आणि सरकत्या खिडकीवर ती फार टिकत नाही. स्वतःच्या घरात गोंदाची घ्यावी. विकत घेण्यापूर्वी नमुन्याच्या तुकड्यावर ओले बोट फिरवून पाहावे. काही फिल्मचा धुरकटपणा केवळ वरच्या खडबडीत असतो. खडबडीत पाणी भरले की किरण विखुरणे थांबते आणि तेवढा भाग पारदर्शक होतो. जुन्या घासलेल्या काचेवर चिकटपट्टी लावली की आरपार दिसते, तेही याच कारणाने. न्हाणीघराच्या खिडकीला अशी फिल्म निरुपयोगी आहे. ज्यात धुरकटपणा प्लॅस्टिकच्या आतच आहे ती ओली झाली तरी तशीच राहते.

फिल्म काचेच्या आतल्या बाजूला लावतात, म्हणजे पाऊस आणि धूळ तिला लागत नाही. काच गुळगुळीत हवी. नक्षीच्या काचेवर गोंद धरत नाही. कामात निम्मा वेळ काच धुण्यातच गेला पाहिजे. रस्त्याकडच्या काचेवर धुराचा तेलकट थर असतो, तो साबणाच्या पाण्याने काढून, रंगाचे आणि सिमेंटचे शिंतोडे नव्या ब्लेडने खरवडून, कडांमधली माती ब्रशने झाडून घ्यावी. फिल्म मापापेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठी कापावी. लिटरभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार-पाच थेंब घालून ते स्प्रेच्या बाटलीत भरावे. मागचा कागद सोलताना दोघे लागतात, एकाने फिल्म ताणून धरायची आणि दुसऱ्याने गोंदाच्या बाजूवर पाणी मारत कागद काढत जायचे. काचही सढळ हाताने ओली करावी. पाण्यामुळे गोंद लगेच पकडत नाही आणि फिल्म सरकवून जागेवर आणता येते. मग तिच्या पाठीवर पाणी मारून रबरी पट्टीने मधून कडांकडे पाणी ढकलत न्यावे. शेवटी नव्या कटरने कडा छाटाव्यात, पण अगदी चौकटीला भिडवून नव्हे. दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा सोडावी. आतले पाणी तिथून निघते आणि सरकत्या झडपेची केसाळ पट्टी फिल्मच्या कडेला घासत नाही. ही फट सोडली नाही तर काही महिन्यांत कडा उचलली जाते आणि तिथे काळी रेघ धरते.

लावल्यानंतर फिल्मखाली फुगे दिसतात. त्यांतले मऊ, बोटाने दाबले की सरकणारे फुगे पाण्याचे असतात. ते काही दिवसांत आपोआप जातात, पावसाळ्यात जरा जास्त दिवस लागतात. टोकदार, मध्ये कण दिसणारा उंचवटा धुळीचा असतो आणि तो कधीच जात नाही. असे बरेच असतील तर काच नीट धुतली गेली नव्हती, आणि फिल्म ओली असतानाच ती उचलून पुन्हा धुणे हाच मार्ग आहे. पंखा बंद ठेवून काम केले तर हा त्रास बराच टळतो.

एवढे करूनही एक मोठी उणीव उरते, आणि आपल्या हवामानात ती सर्वांत महत्त्वाची आहे. फिल्म फक्त बंद खिडकीवर काम करते. दोन झडपांची सरकती खिडकी उघडली की दोन्ही धुरकट काचा एकावर एक जातात आणि निम्मी खिडकी सताड उघडी राहते. एप्रिल-मेमध्ये तर ती दिवसभर उघडीच असते. डासांची जाळी असेल तर दिवसा तिचा थोडा आडोसा होतो, पण संध्याकाळी तीही झिरझिरीत पडद्यासारखीच उलटते. म्हणून फिल्म आणि पडदा यांतले एक निवडायचे नसते. बंद काचेसाठी फिल्म आणि उघड्या झडपेसाठी पडदा, अशी वाटणी करावी लागते.

उघड्या झडपेवर लांब, मोकळा पडदा टिकत नाही. वाऱ्याने तो आत फुगतो किंवा गजांतून बाहेर ओढला जातो, आणि नेमका त्याच क्षणी आतले दिसते. इथे स्प्रिंगच्या तारेवरचा जुना अर्धा पडदा फार कामाचा ठरतो. चौकटीच्या आतल्या बाजूला फिल्मच्या वरच्या कडेच्या उंचीवर एक स्प्रिंग आणि कठड्यापाशी दुसरी, अशा दोन तारांमध्ये कापड ओवले की ते ताणलेले राहते. वारा त्यातून गाळून येतो, पडदा उडत नाही. वरची दोन फूट खिडकी मोकळी राहते आणि खोलीतली गरम हवा वरून निघून जाते. ज्यांना हा पडदा जुनाट वाटतो त्यांनी निदान उन्हाळ्यापुरता लावून पाहावा. तळमजल्यावर त्याच्याइतका चोख उपाय दुसरा नाही.

कापडाचे माप बहुतेकांचे चुकते. झिरझिरीत पडदा सपाट ताणला की त्याच्या भोकांतून दिवसाही दिसते. चुण्या पडल्या की धाग्यांचे थर एकमेकांवर येतात आणि भोके झाकली जातात. त्यासाठी कापडाची रुंदी रॉडच्या लांबीच्या दुप्पट ते अडीचपट हवी. वरच्या उदाहरणातल्या पाच फुटी खिडकीला दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त धरून सहा फुटी रॉड लागतो, म्हणजे बारा ते पंधरा फूट रुंदीचे कापड. तयार पडदे चार फुटी असतील तर तीन घ्यावे लागतात. दोनच घेतले तर चुण्या उरत नाहीत, आणि दुकानात अपारदर्शक वाटलेला पडदा घरी आल्यावर पारदर्शक निघाला अशी तक्रार होते ती यामुळेच. दुकानात कापड घडी घातलेले पाहिलेले असते. स्प्रिंगच्या पडद्यालाही हाच हिशेब लागू आहे.

रंगाचा विचार बाहेरच्या बाजूने करावा. पांढरा किंवा फिकट पडदा बाहेरचा उजेड जास्त परत फेकतो, त्यामुळे दिवसा आडोसा चांगला होतो. गडद रंगाच्या जाळीतून आतून बाहेरचे स्पष्ट दिसते, पण तशीच ती बाहेरून आतलेही अधिक दाखवते. पश्चिमेच्या खिडकीवर दुपारचे ऊन थेट पांढऱ्या पडद्यावर पडले की तो आतूनही झगझगतो आणि बाहेरचे दिसेनासे होते. तिथे फिकट राखी रंग मध्यम मार्ग ठरतो. पॉलिएस्टरचे कापड पाण्यात आटत नाही आणि लवकर वाळते. रस्त्याची धूळ धरली की धाग्यांचा पांढरेपणा जातो आणि त्याबरोबर आडोसाही कमी होतो, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी तो धुवावाच लागतो.

रात्रीसाठी मात्र झिरझिरीत पडद्याला जाड पडद्याची जोड द्यावी लागते. डबल रॉड बसवून काचेकडे झिरझिरीत आणि खोलीकडे जाड असे दोन पडदे लावतात. खालच्या भागावर फिल्म असेल तर जाड पडदा पूर्ण उंचीचा हवाच असे नाही. दिवाणखान्यात, जिथे फुटपाथखेरीज दुसरी नजर नाही आणि दिवा खिडकीच्याच भिंतीवर आहे, तिथे रात्री खिडकी बंद असताना फिल्मवर भागते. झोपायच्या खोलीत आणि बसरस्त्यावर जाड पडदा ओढावाच. सगळे बसवून झाले की दिवेलागणीनंतर, घरातले सर्व दिवे आणि टीव्ही चालू ठेवून, एकदा खिडकी बंद करून आणि एकदा झडप उघडून, पुन्हा बाहेर जाऊन पाहावे. दुपारी केलेली पाहणी रात्रीला लागू पडत नाही.